वाचलेल्या एका किलो नत्राची किंमत

शेतात टाकलेल्या युरियातील नत्रापैकी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा एवढाच पिकाच्या अंगी लागतो. उरलेल्या नत्राचा काही भाग जमिनीतील सेंद्रिय पदार्थात अडकून राहतो आणि बाकीचा हवेत किंवा पाण्यात निघून जातो. ही गळती कमी करण्यासाठी नत्रीकरणरोधके आणि सावकाश विरघळणारी खते अशी दोन प्रकारची साधने उपलब्ध आहेत. त्यांच्या परिणामकारकतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यांच्यामुळे वाचलेला एक किलो नत्र किती रुपयांना पडतो आणि तो पैसा कोणाच्या खिशातून जातो, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. महाराष्ट्रातील सुरू उसाचे उदाहरण घेऊन तो मांडता येतो; मात्र त्याआधी नत्र नेमका कोणत्या वाटेने आणि केव्हा जातो हे पाहणे आवश्यक आहे, कारण वाट चुकीची ओळखली तर महागडे साधनही निरुपयोगी ठरते.

युरिया ओल्या जमिनीवर पडला की युरिएज नावाचे विकर त्याचे काही दिवसांतच अमोनियममध्ये रूपांतर करते. या टप्प्यावर खत पृष्ठभागावर उघडे राहिले असेल आणि जमीन विम्लधर्मी असेल, तर अमोनियमचा काही भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. सामू आठच्या वर असलेल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, विशेषतः उन्हाळ्यात, हा तोटा मोठा असतो. जो अमोनियम मातीत मुरतो तो मात्र बराच सुरक्षित राहतो, कारण त्यावर धन विद्युतभार असल्यामुळे चिकणमातीचे ऋणभारित कण त्याला धरून ठेवतात. यानंतर नत्रीकरणाची क्रिया सुरू होते. नायट्रोसोमोनास आणि त्याच्या जातकुळीतील जीवाणू अमोनियमचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. उबदार, ओलसर आणि हवेशीर जमिनीत दोन-तीन आठवड्यांत बहुतेक अमोनियम नायट्रेटमध्ये बदललेला असतो. नायट्रेटचा भार ऋण असल्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. हलक्या जमिनीत तो पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो, तर भारी जमिनीत पाणी साचून प्राणवायू संपला की विनत्रीकरण करणारे जीवाणू त्याचे नायट्रस ऑक्साइड आणि नायट्रोजन या वायूंमध्ये रूपांतर करतात. नायट्रस ऑक्साइड हा शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवर्धक वायू असल्याने तेथील तोटा एकट्या शेतकऱ्याचा राहत नाही.

नत्रीकरणरोधक म्हणजे यातील पहिली पायरी, अर्थात अमोनियमचे नायट्राइट होणे, काही आठवडे मंदावणारा पदार्थ होय. अमेरिकेत १९६२ च्या सुमारास पुढे आलेले नायट्रापायरिन, नंतरचे डायसायनडायअमाइड म्हणजेच डीसीडी आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आलेले डीएमपीपी ही त्यांतील प्रमुख नावे आहेत. भारताने वेगळी वाट धरली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात निंबोळी पेंड लावलेल्या युरियावर भातात प्रयोग झाले आणि कडुलिंबातील कडू द्रव्ये नत्रीकरण करणाऱ्या जीवाणूंचा वेग कमी करतात हे दिसून आले. त्याच धाग्यातून पुढे निंबोळी तेलाचे लेपन केलेला युरिया आला आणि २०१५ मध्ये देशात तयार होणारा सर्व युरिया असाच असावा असे केंद्र सरकारने ठरवले. म्हणजे आज महाराष्ट्रातील शेतकरी जो युरिया विकत घेतो, त्यावर सौम्य स्वरूपाचे नत्रीकरणरोधक आधीच असते. 'सौम्य' हा शब्द येथे मोजून वापरला आहे, कारण खत नियंत्रण आदेशानुसार लेपनाचे किमान प्रमाण ०.०३५ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत १६ ग्रॅमपेक्षाही थोडे कमी, एवढेच आहे.

सावकाश विरघळणाऱ्या खतांची युक्ती निराळी आहे. ती जीवाणूंना हात लावत नाहीत, तर युरियाच पाण्यापर्यंत हळूहळू पोहोचू देतात. अमेरिकेतील टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने १९६० च्या दशकात विकसित केलेला गंधकलेपित युरिया हे याचे जुने उदाहरण आहे. त्याच कल्पनेचा भारतीय अवतार 'युरिया गोल्ड' या नावाने २०२३ मध्ये आला असून त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असते. बहुवारिकाचे म्हणजे प्लास्टिकसदृश पदार्थाचे आवरण असलेला युरिया अधिक नेमकेपणाने, मुख्यतः तापमानानुसार, नत्र सोडतो, पण तो महाग पडतो. कोकणातील भातशेतीत मात्र कोणत्याही आवरणाशिवाय हेच साधले गेले आहे. युरिया आणि डीएपी दाबून केलेल्या सुमारे २.७ ग्रॅमच्या ब्रिकेट लावणीनंतर चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. पाण्याखालील चिखलात त्या खोलीवर प्राणवायू नसतो, त्यामुळे नत्रीकरण करणारे जीवाणू तेथे काम करू शकत नाहीत आणि नत्र अमोनियमच्याच रूपात मुळांजवळ थांबतो. येथे खर्च रसायनाचा नसून मजुरीचा आहे, एवढाच फरक.

या साधनांच्या मर्यादा हिशेबाच्या आधीच सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांवरच हिशेब अवलंबून आहे. पहिली मर्यादा तापमानाची. डीसीडी जमिनीत निम्मे उरण्यास ८ अंश सेल्सिअसला साडेतीन महिन्यांहून अधिक काळ लागतो, तर २० अंशांना तेवढीच घट तीन आठवड्यांच्या आसपास होते. दख्खनच्या जमिनीचे तापमान बहुतेक काळ त्याहूनही जास्त असते, म्हणून थंड प्रदेशातील प्रयोगांचे आकडे येथे जसेच्या तसे आणणे हे फसवणुकीचे ठरते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. नत्रीकरण रोखले म्हणजे अमोनियम अधिक काळ अमोनियमच राहतो, आणि तो जर पृष्ठभागावर उघडा असेल तर उडून जाण्यासाठीही त्याला अधिक काळ मिळतो. जगभरच्या प्रयोगांच्या २०१५ मधील एका आढाव्यात नत्रीकरणरोधकांमुळे पाण्याबरोबर होणारा नत्राचा झिरपा सुमारे ४८ टक्क्यांनी आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे ४४ टक्क्यांनी घटलेला दिसला, परंतु अमोनिया सुमारे २० टक्क्यांनी वाढला, आणि सगळ्या वाटा मिळून निव्वळ तोटा फक्त १६ ते १७ टक्क्यांनी कमी झाला. जाहिरातीत पहिले दोन आकडे येतात. शेतकऱ्याच्या उपयोगाचा आकडा शेवटचा आहे. तिसरी मर्यादा न्यूझीलंडने दाखवून दिली. तेथे कुरणांवर फवारलेल्या डीसीडीचे सूक्ष्म अंश दुधाच्या भुकटीत सापडल्यावर २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. आरोग्याला धोका असल्याचे सिद्ध झाले नव्हते, पण निर्यातीवर जगणाऱ्या दुग्धव्यवसायाला अवशेषाचा संशयही परवडणारा नव्हता.

आता खर्चाकडे वळता येईल. वाचलेल्या एका किलो नत्राची किंमत म्हणजे साधनासाठी झालेला जादा खर्च भागिले तेवढेच उत्पादन राखून मात्रेत कमी करता आलेला नत्र. या व्याख्येतील 'तेवढेच उत्पादन राखून' ही अट सोडली तर सगळा हिशेब निरर्थक होतो. ज्याने साधनही वापरले आणि मात्राही पूर्वीइतकीच ठेवली, त्याच्या खिशात खताचा एक रुपयाही वाचत नाही. त्याचा लाभ झालाच तर उत्पादनवाढीतून होतो, आणि जमिनीत नत्र मुळातच गरजेपेक्षा जास्त असेल तर तोही होत नाही.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत सुमारे २६६.५० रुपये आहे. तीत ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो नत्र असतो, म्हणजे अनुदानित युरियातील नत्र शेतकऱ्याला सुमारे १३ रुपये किलोने मिळतो. या १३ रुपयांच्या आकड्यावरच पुढचे सारे अवलंबून आहे. सर्वप्रथम निंबोळी लेपनाचा हिशेब पाहावा. गोणीची मूळ कमाल किंमत २४२ रुपये असून तिच्यावर लेपनासाठी पाच टक्के जादा आकारणीस परवानगी आहे. कर धरून हा भार गोणीमागे साडेबारा रुपयांच्या आसपास, म्हणजे टाकलेल्या नत्राच्या दर किलोमागे ६० पैसे पडतो. लेपनामुळे नत्राची पाच टक्के बचत झाली तर वाचलेला किलो १२ रुपयांना पडतो, दहा टक्के झाली तर ६ रुपयांना. म्हणजे जेमतेम पाच टक्के बचतीत हा खर्च भरून निघतो, आणि इतक्या खालच्या उंबरठ्यावर फायद्यात येणारे साधन विरळाच. अर्थात ही बचत प्रत्यक्षात यायची तर गोणीतून घेतलेली मात्रा तेवढी कमी केली पाहिजे, आणि बहुतेक शेतांत नेमके तेच होत नाही.

सुरू उसासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. ती चार हप्त्यांत द्यावयाची असते: लागणीच्या वेळी दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा टक्के आणि मोठ्या बांधणीच्या वेळी उरलेले चाळीस टक्के. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळा नत्र युरियातूनच दिला असे धरले, तर ५४३ किलो म्हणजे सुमारे बारा गोण्या लागतात आणि त्यांची किंमत ३,२२० रुपयांच्या आसपास होते. यातील दहा टक्के, म्हणजे २५ किलो नत्र वाचला, तर शेतकऱ्याची बचत अवघी सव्वातीनशे रुपयांची होते. समजा, एखाद्या कृत्रिम नत्रीकरणरोधकाचा संपूर्ण मात्रेसाठीचा खर्च हेक्टरी १,५०० रुपये आहे. तर वाचलेला किलो ६० रुपयांना पडला. तेरा रुपयांची वस्तू वाचवण्यासाठी साठ रुपये घालवणे कोणताही जाणता शेतकरी नाकारेल, आणि त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही.

हाच आकडा देशाच्या बाजूने मात्र वेगळा दिसतो. आयात युरियाचा दर टनाला ४०० डॉलर आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर टनाला ३४,००० रुपये पडतात. टनातील ४६० किलो नत्राने भागले की दर किलो नत्राची किंमत सुमारे ७४ रुपये होते, आणि त्यात वाहतूक व हाताळणी धरलेली नाही. म्हणजे साठ रुपयांत वाचलेला किलो शेतकऱ्यासाठी तोट्याचा आणि सरकारी तिजोरीसाठी फायद्याचा ठरतो. हा विरोध शेतकऱ्याच्या अज्ञानातून आलेला नाही, तो किमतीच्या रचनेतूनच आला आहे. जोवर युरियाची गोणी इतकी स्वस्त आहे, तोवर नत्रीकरणरोधकांचा प्रसार केवळ प्रबोधनाने होईल अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. वाचलेल्या किलोमागे तिजोरीला होणाऱ्या लाभाचा काही वाटा साधनाच्या किमतीत उतरवणे हाच सरळ मार्ग आहे.

तरीही सध्याच्या किमतीतही खर्च बराच खाली आणता येतो, आणि त्यासाठी चारही हप्त्यांना सारखे न मानता गळतीची वाट ओळखावी लागते. जानेवारीच्या अखेरीस लागण केलेल्या उसाचा दुसरा, चाळीस टक्क्यांचा हप्ता मार्च अखेरीच्या उन्हात पडतो. त्या वेळी पाऊस नसतो आणि पाणी पाटाने किंवा ठिबकने मापात दिले जाते, म्हणून तेथील मुख्य धोका अमोनिया उडण्याचा असतो. या हप्त्यात नत्रीकरणरोधक वापरल्याने धोका वाढण्याचीच शक्यता आहे. तेथे उपाय मातीचा आहे: पहारीने उसाच्या बुडापासून वीतभराच्या आत, दहा-बारा सेंटिमीटर खोल छिद्रे घेऊन खत टाकणे आणि ती बुजवणे, किंवा सरीत खत देऊन लगेच मातीआड करणे. शेवटचा हप्ता मात्र जूनमध्ये बांधणीच्या वेळी पडतो. बांधणीतच तो मातीखाली जातो, त्यामुळे अमोनिया उडण्याची भीती उरत नाही. परंतु दोन-तीन आठवड्यांत त्याचा नायट्रेट तयार होतो आणि नेमका तेव्हाच जुलैचा जोराचा पाऊस येऊन भारी जमिनीत सऱ्या पाण्याने भरतात. नत्रीकरणरोधकाची आणि सावकाश विरघळणाऱ्या खताची खरी जागा हीच आहे.

केवळ या शेवटच्या १०० किलो नत्राला रोधक लावले, तर वरच्याच दराने खर्च ६०० रुपये होतो. समजा त्यामुळे हप्ता ८५ किलोंवर आणता आला, तर वाचलेल्या किलोची किंमत साठावरून चाळीस रुपयांवर येते. ती अजूनही तेरापेक्षा अधिक आहे, पण हा सहाशे रुपयांचा खर्च आता जेमतेम पाव टन उसाच्या किमतीच्या आत बसतो, आणि नत्राची चणचण असलेल्या शेतात तेवढी वाढ अशक्य नाही.

याच हप्त्यासाठी युरिया गोल्डचा हिशेब अधिक रंजक आहे. त्याची ४० किलोची गोणीही २६६.५० रुपयांनाच मिळते, पण तीत नत्र १४.८ किलो असल्यामुळे दर किलोची किंमत १८ रुपये होते. गोणीस गोण टाकली तर नत्र आपोआप २८ टक्क्यांनी घटतो आणि खर्च तेवढाच राहतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. साध्या युरियातून १०० किलो नत्रासाठी सुमारे १,२९० रुपये लागतात, तर युरिया गोल्डमधून ८५ किलो नत्रासाठी सुमारे १,५३० रुपये. जादा २४० रुपयांत १५ किलो वाचले, म्हणजे दर किलो १६ रुपये. हप्ता ८० किलोंवर आणता आला तर हाच दर आठ रुपयांच्या आत येतो. शिवाय ८५ किलो नत्राबरोबर सुमारे ३९ किलो गंधक शेतात जाते. माती परीक्षणात गंधकाची कमतरता दिसली असेल आणि शेतकरी ते एरवी विकत घेणारच असेल, तर गंधकाला किलोमागे वीस रुपये एवढीच किंमत दिली तरी जादा खर्च तीनदा भरून निघतो आणि वाचलेला नत्र फुकट पडतो. जमिनीत गंधक पुरेसे असेल तर मात्र त्याची किंमत शून्यच धरावी. हे गंधक मूलद्रव्य स्वरूपात असते आणि जमिनीतील जीवाणूंनी त्याचे सल्फेट केल्याशिवाय पिकाला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

गंधकाचे आवरण ठिसूळ असते, आणि गोण्या आपटल्या किंवा यंत्रात दाणे भरडले गेले तर तडा गेलेला प्रत्येक दाणा साध्या युरियासारखाच वागतो. याची कसोटी प्रयोगशाळेत सुमारे ३८ अंशांच्या पाण्यात सात दिवसांत किती युरिया विरघळला यावरून ठरवतात. घरी तिचा कच्चा नमुना करता येतो: एका पेल्यात साधा युरिया आणि दुसऱ्यात लेपित युरिया पाण्यात टाकून ठेवावा. साधा काही मिनिटांत विरघळतो. लेपित दाण्यांपैकी बरेचसे दुसऱ्या दिवशी दाबताच फुटणारी रिकामी टरफले झालेले दिसले, तर त्या गोणीसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही. नत्रीकरणरोधकाची परीक्षा अशी डोळ्यांनी होत नाही. त्यासाठी खत दिल्यानंतर दोन आणि चार आठवड्यांनी मातीचे नमुने घेऊन अमोनियम आणि नायट्रेट दोन्ही मोजावे लागतात; नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवला नाही तर पिशवीतच नत्रीकरण चालू राहते आणि निकाल खोटा येतो.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी उत्पादनाची आहे. हेक्टरी शंभर टनांच्या उसात पाव-अर्ध्या टनाचा फरक नजरेला कधीच कळत नाही, म्हणून एकाच शेतात लांब पट्टे पाडून ते वेगवेगळे तोडून तोलावे लागतात, आणि शक्यतो प्रत्येक उपचार दोन-तीनदा पुन्हा यावा लागतो. बहुतेक प्रात्यक्षिकांत दोनच पट्टे असतात: साध्या युरियाची पूर्ण मात्रा आणि साधनासह कमी मात्रा. दोन्हींचे उत्पादन सारखे आले की श्रेय साधनाला दिले जाते. खरे तर तिसरा पट्टा, म्हणजे साध्या युरियाची तेवढीच कमी मात्रा, असल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. तो पट्टाही तेवढेच उत्पादन देत असेल, तर वाचलेला नत्र मुळातच जादा टाकला जात होता आणि त्याच्या बचतीची किंमत शून्य रुपये आहे. ज्या बागायती पट्ट्यात शिफारशीपेक्षा अधिक युरिया टाकण्याची सवय आहे, तेथे हाच निकाल येण्याचा संभव सर्वाधिक आहे. म्हणून कोणतेही नवे साधन विकत घेण्याआधी ऊस उत्पादकाने एका हंगामात काही सऱ्यांमध्ये बांधणीचा हप्ता साध्या युरियानेच पंधरा टक्क्यांनी कमी करून पाहावा, आणि त्या सऱ्यांचा ऊस वेगळा तोलावा.